रॅन्समवेअरचा रिपोर्ट : ‘कधी कळलं?’ या रकान्यात एकच वेळ लिहू नका

प्रश्न : वेर्ण्याच्या एका पॅकेजिंग कारखान्यात आयटी बघतो. चवथीच्या सुट्टीत रॅन्समवेअर आलं. बुधवारी चवथ, गुरुवारी पंचमी, शुक्रवारी सकाळी लोक कामावर आले तेव्हा कळलं. फाइल सर्व्हर आणि टॅलीचा सर्व्हर गेला, बॅकअपचा नॅससुद्धा. डायरेक्टर साहेबांना सोमवारी दोन पानांचा रिपोर्ट हवाय : कधी कळलं, काय काय गेलं, काय केलं. अडचण अशी की अँटीव्हायरसचा एक अलर्ट मेल गुरुवारी रात्रीच आला होता, तो कोणी बघितला नव्हता. तो लिहायचा की नाही? आणि एवढं सगळं दोन पानांत कसं बसवायचं?

उत्तर :

मेल लिहायचा. लपवायचा म्हटलं तरी तो लपत नाही. अँटीव्हायरसच्या कन्सोलवर त्याची वेळ सेकंदापर्यंत पडलेली असते. विमा कंपनीचा माणूस, बाहेरून आलेला तपासनीस किंवा एखाद्या ग्राहकाचा ऑडिटर, कोणीतरी ते पान उघडणारच. त्या दिवशी तुमच्या रिपोर्टातली खरी वाक्यंही संशयात जातात. शिवाय रात्री-सुट्टीला अलर्ट बघायला कोणी ठेवायचं का, हा पैशाचा निर्णय साहेबांनाच घ्यायचा आहे आणि त्याला आधार याच एका ओळीचा आहे.

फक्त ती ओळ कशी लिहायची ते बघा. ‘मानवी दुर्लक्षामुळे’ असलं काही नको, कोणाचं नावही नको. असं लिहा : ‘गुरुवारी २१:३८ वाजता टॅली सर्व्हरवर पासवर्ड चोरणारं साधन अडवल्याचा मेल आयटीच्या सामायिक पत्त्यावर आला. सुट्टीच्या काळात हा पत्ता पाहण्याचं काम कोणाकडेही दिलेलं नव्हतं. मेल शुक्रवारी ०९:२० वाजता पाहिला गेला.’ मेलचा मूळ मजकूर जोडपत्रात जसाच्या तसा लावा. त्यात बहुतेक वेळा `Blocked` असा शब्द असतो. म्हणजे तो मेल पाहिला असता तरी ‘अडवलंय ना, मग झालं’ म्हणून कोणीही पुढे गेला असता. अँटीव्हायरस एक साधन अडवतो, ते साधन टाकणारा माणूस सर्व्हरवर बसलेलाच असतो. तो मग अँटीव्हायरस बंद करतो आणि दुसरं साधन आणतो. ही गोष्ट साहेबांना एका वाक्यात सांगितली की चर्चा ‘कोणाची चूक’वरून ‘असा अलर्ट आला तर काय करायचं’वर येते.

आता वेळांकडे. तुमच्या नेमक्या वेळा मला ठाऊक नाहीत, म्हणून नमुन्यादाखल काही धरतो. तुमच्या आकड्यांनी त्या बदलून घ्या.

‘कधी कळलं’ या प्रश्नाच्या पोटात निदान चार वेळा असतात. हल्लेखोर आत कधी आला, पहिली खूण कधी उमटली, फाइली एन्क्रिप्ट व्हायला कधी लागल्या आणि माणसाच्या लक्षात कधी आलं. चारही वेगवेगळ्या लिहा. एकच वेळ दिलीत तर वाचणारा आपल्या सोयीची धरतो. साहेब शुक्रवार सकाळ धरतील, तपासनीस गुरुवार रात्र धरेल आणि दोघांचा ताळमेळ लावत तुम्ही बसाल.

आत कधी आला हे शोधणं सगळ्यात अवघड. टॅली घरून चालवता यावी म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट उघडून ठेवलेला असणं ही आपल्याकडच्या छोट्या कारखान्यांची नेहमीची वाट आहे. तुमच्याकडेही तसंच असेल असं धरून लिहितो. व्हीपीएनमधून आला असेल तर व्हीपीएनच्या लॉगमध्ये हाच शोध घ्यायचा. सर्व्हरच्या `Security` लॉगमध्ये चुकलेले लॉगिन `4625` आणि जमलेले `4624` या क्रमांकाने दिसतात. पण हल्लेखोर बरेचदा जाताना हा लॉग पुसतो आणि मागे `1102` ही एकच नोंद उरते. ती नोंद टाकाऊ समजू नका. लॉग कधी पुसला याची वेळ त्यातूनच मिळते आणि ती वेळ रिपोर्टात जाते. पुसलेल्यासाठी दुसरीकडे बघायचं. रिमोट डेस्कटॉपचा स्वतःचा वेगळा लॉग असतो आणि तो पुसायला बरेचजण विसरतात :

```
Microsoft-Windows-TerminalServices-LocalSessionManager/Operational
```

इथे क्रमांक `21` म्हणजे सत्र सुरू झालं. बाहेरचा आयपी पत्ताही तिथेच मिळतो. समजा इथे गुरुवार ००:४७ सापडलं. आता हीच घटना फायरवॉलच्या लॉगमध्ये शोधायला गेलात तर ती बुधवार १९:१७ ला दिसेल, आणि दोन वेगळे हल्ले झाले असं वाटून अर्धा दिवस वाया जाईल. फायरवॉल जागतिक वेळेत लिहीत होता, भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, म्हणून तारीखही बदलली. रिपोर्टाच्या माथ्यावरच लिहून टाका : ‘सर्व वेळा भारतीय प्रमाणवेळेत, २४ तासांच्या पद्धतीने.’ आणि यंत्रांची घड्याळं पुढेमागे असतातच. प्रत्येक सर्व्हरचा पडदा आणि शेजारी मोबाइलचं घड्याळ असा एकत्र फोटो काढून ठेवा, फरक जोडपत्रात नोंदवा. फायरवॉल चार मिनिटं मागे असेल तर त्याच्या प्रत्येक वेळेत चार मिनिटं मिळवायची आणि तसं केल्याचं लिहायचं.

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगा. फायरवॉलची साठवण भरली की जुन्या नोंदी पुसून नव्या लिहिल्या जातात, आणि पासवर्ड फोडण्याचा मारा चालू असताना ती फार लवकर भरते. म्हणून तुम्हाला दिसलेला पहिला प्रयत्न हा खरोखर पहिलाच असेल असं नाही. ‘बुधवारी पहाटेपासून प्रयत्न सुरू झाले’ असं न लिहिता ‘किमान बुधवार पहाटेपासून प्रयत्न सुरू होते, त्याआधीच्या नोंदी उपलब्ध नाहीत’ असं लिहा. ‘किमान’ या शब्दामुळे पुढच्या आठवड्यात नवीन काही सापडलं तरी रिपोर्ट खोटा ठरत नाही.

एन्क्रिप्शनची वेळ त्या मानाने सोपी. बहुतेक रॅन्समवेअर प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणीची चिठ्ठी टाकत जातं. सगळ्यात जुनी चिठ्ठी म्हणजे सुरुवात, सगळ्यात नवी म्हणजे शेवट. बिघडलेल्या सर्व्हरवर हे करू नका. डिस्कची प्रत काढा, ती स्वच्छ मशीनला फक्त वाचता येईल अशी जोडा आणि चिठ्ठीचं नेमकं नाव टाकून शोधा :

```
Get-ChildItem E:\ -Recurse -File -Filter "RESTORE_FILES.txt" |
  Sort-Object CreationTime |
  Select-Object -First 3 FullName, CreationTime
```

`-First` च्या जागी `-Last` टाकलं की शेवट मिळतो. चिठ्ठीची वेळ वापरायचं कारण असं की काही रॅन्समवेअर एन्क्रिप्ट केलेल्या फाइलीवर जुनीच तारीख परत बसवतात, त्यामुळे फाइलीच्या बदलाच्या वेळेवर भरवसा ठेवता येत नाही. समजा सुरुवात गुरुवार २३:३१ आणि शेवट शुक्रवार ०२:५० निघाला.

माणसाच्या लक्षात आल्याच्याही दोन वेळा निघतात. ०८:२० ला स्टोअरमधल्या माणसाची एक्सेल उघडली नाही, ०८:५० ला तुम्ही सर्व्हरवर चिठ्ठी पाहिलीत. दोन्ही लिहा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून किंवा लक्षात आणून दिल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. ते ६ तास नेमके कुठून मोजायचे, गुरुवारच्या मेलपासून की शुक्रवारच्या सकाळपासून, हे रिपोर्टात तुम्ही ठरवू नका, वकिलांना विचारा. तुम्ही फक्त वेळा द्या आणि `incident@cert-in.org.in` ला मेल किती वाजता गेला ते लिहा. गेलाच नसेल तर हा रिपोर्ट बाजूला ठेवा आणि आहे तेवढ्या माहितीवर तो मेल आधी पाठवा. उशीर झाला तरी पाठवायचाच असतो, बाकीचा तपशील मागाहून देता येतो. पोलीस तक्रार केली असेल तर तिचा क्रमांकही इथेच.

या वेळा शेजारी मांडल्या की साहेबांना हवं ते आपोआप दिसतं. आत शिरल्यापासून एन्क्रिप्शन सुरू होईपर्यंत २२ तास ४४ मिनिटं. अलर्टपासून एन्क्रिप्शनपर्यंत १ तास ५३ मिनिटं. अलर्टपासून चिठ्ठी सापडेपर्यंत ११ तास १२ मिनिटं. यातला मधला आकडा बोचतो. रात्री कोणी जागं असतं तर हाताशी दोन तासही नव्हते, ही गोष्टही त्यातून कळते आणि ती साहेबांपासून लपवायची नाही.

काय काय गेलं

इथे नेहमीचा घोटाळा असा की यादीत फक्त एन्क्रिप्ट झालेली यंत्रं येतात. डोमेन कंट्रोलर चालू आहे, त्याच्यावर एकही फाइल बिघडलेली नाही, म्हणून तो यादीत नाही. पण गुरुवारी पहाटे टॅली सर्व्हरवरून अॅडमिनच्या खात्याने त्याच्यावर लॉगिन झालं असेल तर तोच सगळ्यात जास्त बाधित. तिथून कारखान्यातल्या प्रत्येक खात्याच्या पासवर्डचे हॅश उचलता येतात. म्हणून चार गट करा : एन्क्रिप्ट झालेली, हल्लेखोर शिरला पण एन्क्रिप्ट न झालेली, तपासून स्वच्छ ठरलेली आणि अजून न तपासलेली. चौथा गट रिकामा दाखवायचा मोह टाळा. शनिवार-रविवारात सगळं तपासून होत नाही हे साहेबांनाही समजतं.

तुमच्या बाबतीत चवथीने एक उपकार केला असेल. सुट्टी म्हणून ऑफिसचे पीसी बंद होते, नेटवर्कवर नव्हते, त्यामुळे वाचले. पण शुक्रवारी आठ वाजता लोक आले, त्यांनी पीसी चालू केले, आणि नेटवर्क तोडलं तुम्ही ०९:०५ ला. त्या तासाभरात जे पीसी चालू झाले ते चौथ्या गटात, तोवर बंदच राहिलेले, तसं तपासून, तिसऱ्यात. कोणता पीसी किती वाजता चालू झाला ते त्याच्या `System` लॉगमध्ये `6005` क्रमांकाने दिसतं. त्यात पुन्हा एक खोच आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये झटपट सुरू होण्याची सोय चालू असते, त्यामुळे शटडाउन करून चालू केलेल्या पीसीत ही नोंद पडेलच असं नाही. तिथे वापरणाऱ्याच्या लॉगिनची वेळ बघा किंवा सरळ त्याला विचारा.

प्रत्येक यंत्रापुढे कारखान्याचं कोणतं काम अडलं ते लिहा, सर्व्हरचं मॉडेल नको. ‘फाइल सर्व्हर : ग्राहकांची आर्टवर्क आणि डाय-लाइन, नवीन जॉब घेता येत नाही, चालू जॉब प्रिंट प्लेट तयार असल्यामुळे चालू आहेत.’ ‘टॅली सर्व्हर : बिलं काढता येत नाहीत, त्यामुळे तयार माल गेटबाहेर जात नाही.’ साहेबांना अशा ओळींवरून ग्राहकांना फोन करायचे असतात.

बॅकअपची ओळ सगळ्यात काळजीने. नॅस गेला कारण तो त्याच डोमेनच्या अॅडमिन पासवर्डने उघडत होता. समजा सोमवारी संध्याकाळी काढलेली एक यूएसबी डिस्क कपाटात आहे. ‘बॅकअप उपलब्ध आहे’ एवढ्यावर थांबू नका. नेटवर्कला न जोडलेल्या मशीनवर ती उघडून टॅलीची कंपनी लोड केली का, शेवटचं व्हाउचर कोणत्या तारखेचं दिसलं, ते लिहा. बुधवार-गुरुवार बंद, म्हणजे बुडालं ते मंगळवारचं काम. ई-इन्व्हॉइस काढत असाल तर विक्रीची बिलं सरकारी पोर्टलवरून परत मिळतील, खरेदीची आणि रोखीची व्हाउचरं कागदावरून पुन्हा टाकावी लागतील. ‘एक दिवसाची नोंद, अकाउंट्सच्या दोघांचं साधारण दीड दिवसाचं काम’ असं वाक्य डायरेक्टरला हवं असतं. दिवसाचा अंदाज अकाउंट्सलाच विचारून घ्या.

आणि माहिती चोरीला गेली का? हा प्रश्न सोमवारी हमखास येणार. ‘चोरी झाली नाही’ आणि ‘चोरीचा पुरावा मिळाला नाही’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे. पहिलं वाक्य लिहायचं तर त्या पूर्ण काळातल्या बाहेर जाणाऱ्या रहदारीच्या नोंदी हाताशी हव्यात. फायरवॉलमध्ये बघा : कारखाना बंद असताना, गुरुवारी पहाटे, फाइल सर्व्हरवरून बाहेर १४ जीबी गेलेलं दिसलं तर ते विंडोजचं अपडेट नव्हे, अपडेट आत येतं. मग ‘फाइल सर्व्हरवरची माहिती बाहेर गेली असण्याची दाट शक्यता, नेमक्या कोणत्या फाइली हे अजून निश्चित नाही’ असं लिहा. औषध कंपन्यांची आर्टवर्क तुमच्याकडे असतील तर गोपनीयतेच्या करारांत कळवण्याची मुदत असते, म्हणून हे वाक्य पहिल्या पानावर. आणि फायरवॉल रहदारीच्या नोंदी ठेवतच नसेल तर तेही लिहा : ‘या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या नोंदी अस्तित्वात नाहीत.’ सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलं आहे, म्हणून हे वाक्य लिहायला जड जातं. तरी लिहाच.

काय केलं

प्रत्येक पावलाला चार गोष्टी : किती वाजता, काय, कोणत्या भूमिकेतल्या माणसाने आणि ते खरंच झालं का हे कसं पडताळलं. चौथी गोष्ट बहुतेक रिपोर्टांत नसते. ‘०९:०५ राउटरवरचा पोर्ट बंद केला’ पुरेसं नाही. ‘०९:१२ ला मोबाइलच्या इंटरनेटवरून जोडून पाहिलं, जोडणी झाली नाही’ ही पडताळणी. कारखान्याच्या आतून तपासलंत तर त्याला अर्थ नाही. पोर्ट बंद झाल्यावरही हल्लेखोराने ठेवलेलं रिमोट सपोर्टचं सॉफ्टवेअर सर्व्हिस म्हणून चालू असू शकतं आणि ते आतून बाहेर जोडणी करतं. त्यासाठी `System` लॉगमध्ये `7045`, म्हणजे नवीन सर्व्हिस बसवल्याच्या नोंदी, बुधवारपासून पुढे पाहिल्या का, ते लिहा.

पासवर्ड बदलले, हे वाक्यही अर्धवट असतं. डोमेन कंट्रोलरला हात लागला असेल तर `krbtgt` या खात्याचा पासवर्ड दोनदा बदलावा लागतो, नाहीतर आधी बनवलेली लॉगिनची तिकिटं चालूच राहतात, आणि दोन बदलांमध्ये निदान दहा तास जाऊ द्यावे लागतात. पहिल्यांदा बदललं, दुसऱ्यांदा बाकी आहे, तर तसंच लिहा आणि ते कधी होणार ते लिहा. ‘अजून बाकी’ असा वेगळा तुकडा ठेवाच. त्यात चौथ्या गटातले पीसी, दुसरा पासवर्ड बदल, नॅसचं काय करायचं, असं सगळं येऊ द्या.

आणि एक कटू गोष्ट याच भागात मांडावी लागते. एन्क्रिप्शन ०२:५० ला संपलं होतं, नेटवर्क तोडलं ०९:०५ ला. म्हणजे तुमच्या उपायाने एन्क्रिप्शन थांबलं नाही. ‘तत्पर कारवाईमुळे हल्ला रोखला’ असं लिहिलंत तर वेळांचा तक्ता शेजारीच आहे, साहेब बोट ठेवतील. उपायाने जे साधलं ते लिहा : हल्लेखोराचा प्रवेश तुटला आणि बंद असलेले पीसी वाचले. फसलेलं पाऊलही नोंदवा. हार्डवेअरवाल्याने घाईत टॅली सर्व्हर बंद केला असेल तर मेमरीतला पुरावा गेला, ही वस्तुस्थिती वेळेसकट द्या. सर्व्हर फॉरमॅट करायला निघाला असेल तर त्याला आत्ताच थांबवा, निदान डिस्कची प्रत निघेपर्यंत.

दोन पानांचं म्हणाल तर पहिल्या पानावर एकही इव्हेंट क्रमांक नको. माथ्यावर ‘आवृत्ती १, रविवार १८:०० पर्यंतच्या माहितीवर आधारित’, मग साधारण असा परिच्छेद :

‘गुरुवारी ००:४७ वाजता बाहेरील व्यक्तीने रिमोट डेस्कटॉपमधून टॅली सर्व्हरमध्ये प्रवेश केला (नोंदींवरून निश्चित). त्याच दिवशी २१:३८ वाजता अँटीव्हायरसने इशारा दिला. तो शुक्रवारी सकाळी पाहिला गेला. २३:३१ ते ०२:५० या वेळेत दोन सर्व्हर आणि बॅकअपचा नॅस एन्क्रिप्ट झाले (निश्चित). पासवर्ड कसा मिळवला हे समजलेलं नाही. फाइल सर्व्हरवरची माहिती बाहेर गेली असण्याची दाट शक्यता आहे. सोमवार संध्याकाळपर्यंतचा टॅलीचा डेटा यूएसबी बॅकअपमधून उघडून पाहिला आहे.’

त्याखाली अडलेली कामं आणि साहेबांकडून हवे असलेले निर्णय, तीनच्या वर नकोत : ग्राहकांना कधी कळवायचं, बाहेरचा तपासनीस आणायचा का, टॅली तात्पुरती नवीन मशीनवर सुरू करायची का. दुसऱ्या पानावर वेळांचा तक्ता, यंत्रांचे चार गट, केलेली आणि बाकी कामं. लॉगचे फोटो, मेलचा मजकूर, डिस्कच्या प्रतींचे हॅश हे सगळं जोडपत्रात, त्याला पानांची मर्यादा नाही.

रिपोर्ट लिहायला नवीन लॅपटॉप किंवा शुक्रवारी घरी राहिलेला लॅपटॉप घ्या, कारखान्याच्या नेटवर्कला तो जोडू नका. कंपनीच्या मेलवरून पाठवूही नका. अॅडमिनचे पासवर्ड ज्याच्या हाती लागले त्याला मेलबॉक्सही उघडता येत असतील, आणि बॅकअप चालतो की नाही, पैसे द्यायचा विचार आहे की नाही, हे त्याला तुमच्याच रिपोर्टातून कळायला नको. छापील दोन प्रती काढा आणि सोमवारी हातात द्या.